अक्षराच्या वाट्याचे ठिपके

चेन्नईतल्या टी. नगरच्या रंगनाथन स्ट्रीटवर भिंतीला लावलेलं पोस्टर वाचणारा माणूस दोन-तीन हातांवर उभा असतो. गर्दीच त्याला मागे सरकू देत नाही. आणि तिथेच, नाकासमोर, धुरकट अक्षरांची पोस्टरं सर्रास दिसतात: नाव कसंबसं वाचता येतं, खालची वेळ आणि फोन नंबर म्हणजे नुसता करडा पट्टा. मला याचा राग येतो, कारण हे टाळायला जास्तीचा पैसा लागत नाही. ‘लहान पानावर पोस्टर केलं, मग मोठं केल्यावर फाटणारच’ असा खुलासा लोक बिनधास्त करतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. लहान पानावर पोस्टर करण्यात काहीच गैर नाही. बिघडतं ते मोठं करण्याआधीच, मजकुराचं चित्र होतं त्या क्षणी.

एक उदाहरण मांडून बघू. समजा, सांगलीकडून चेन्नईला येऊन सोनं गाळण्याचा धंदा करणाऱ्या गलाईवाल्यांपैकी कुणाला गणेशोत्सवाचं पोस्टर करायचं आहे. ए-फोर पान घेतलं, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. सगळ्यात खाली पत्ता आणि आरतीची वेळ, दहा पॉइंटमध्ये. त्याचा जेपीजी केला आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून छपाईच्या दुकानात धाडला. व्हॉट्सॲप नेहमीच्या सेटिंगमध्ये फोटो आकसतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची उरते. आता हिशोब करा. २९७ मिलिमीटरला १६०० ठिपके, म्हणजे दहा पॉइंटच्या ओळीच्या वाट्याला उभे जेमतेम १९. या १९ मध्ये वरची वेलांटी, शिरोरेघ, अक्षराचं अंग आणि खालचा उकार, सगळ्यांनी दाटीवाटीने राहायचं. अनुस्वाराला मिळतात दोन, फार तर तीन ठिपके. त्यातून जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून एकेका चौकोनातला बारकावा घटवतो. आपली ओळ अशा अडीच चौकोनांत मावते. रोमन अक्षर त्यातूनही तग धरतं, त्याच्या डोक्यावर-पायाशी फारसं काही नसतं. ‘आरती’ मधला रकार, काना आणि वेलांटी मात्र एकमेकांत मिसळतात. तमिळ अक्षरावरच्या पुळ्ळीची, म्हणजे त्या डोक्यावरच्या टिंबाची, तीच गत.

दुकानदार ते चित्र तीन फूट उंच करतो. एकेक ठिपका आता अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा झाला, पण ओळीच्या वाट्याचे ठिपके तेवढेच राहिले, १९. ते वाढवण्याची सोय कुठल्याच यंत्रात नाही. फोटोशॉपमध्ये ७२ चे ३०० डीपीआय केले की काम झालं असं मानणारे बरेच आहेत. ते केल्याने दोन ठिपक्यांमध्ये त्यांच्या सरासरी रंगाचे नवे ठिपके भरले जातात. पायऱ्या-पायऱ्यांची कड मऊ होते, आणि आपण ज्याला धूसर म्हणतो ते तयार होतं. जो अनुस्वार आधीच पुसला गेला तो त्यातून परत येत नाही.

यावर फ्लेक्सवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं: लोक लांबून बघतात, एवढं कुणाला दिसतंय? हे उत्तर थापेबाजीचं नाही. वीस फुटी होर्डिंग खरोखरच कमी डीपीआयवर छापतात आणि रस्त्यावरून ते झकास दिसतं. पण तिथे चार शब्द असतात आणि एकेका अक्षराच्या वाट्याला शेकडो ठिपके आलेले असतात. आपल्या पोस्टरचं तसं नाही. चांगल्या नजरेला साधारण एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या कोनाइतका बारकावा दिसतो. त्या मापाने अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दिसेनासा व्हायला दोन मीटर मागे जावं लागेल. पण तेवढ्या अंतरावरून पत्त्याची ओळ, जी मोठी होऊन अकरा मिलिमीटरची झाली आहे आणि जिच्यात अक्षराचं अंग त्याच्या निम्मंच आहे, ती ताण देऊन वाचावी लागते. जवळ जाल तर धूसर, लांब जाल तर बारीक.

चेन्नईत हे घडावं याचं मला विशेष वाटतं. याच शहरात सिनेमाचे प्रचंड बॅनर हाताने रंगवणारे कारागीर होऊन गेले, आणि त्यांच्याही हातात मूळ असायचा तो छोटा फोटोच. त्यावर चौकोनांची जाळी आखायची, तशीच मोठी जाळी कॅनव्हासवर आखायची आणि चौकोनामागून चौकोन रेषा उतरवत जायच्या. अक्षराची कड ते प्रत्यक्ष मापावर नव्याने ओढत, म्हणून ती कितीही मोठी झाली तरी धारदार राही. पीडीएफमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच ठेवला की संगणक हेच करतो. त्याच्याकडे अक्षराच्या वळणांचं गणित असतं आणि छापायच्या मापावर तो कड नव्याने काढतो. म्हणून ए-फोरची अशी पीडीएफ ए-वनला २८३ टक्के करून बिनघोर छापता येते. ओळखायची खूण सोपी आहे. पीडीएफ उघडून ८०० टक्के मोठी करा; कड गुळगुळीत राहिली तर ठीक, पायऱ्या दिसल्या तर आत चित्र बसलं आहे. नुसतं नावापुढे पीडीएफ असून भागत नाही, जेपीजी गुंडाळूनही पीडीएफ होते.

मग पहिल्यापासून मोठंच पान का घेऊ नये? फोटोशॉपसारख्या ठिपक्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर घ्यावंच. पण घरोघरी पोस्टरं होतात ती वर्डमध्ये, आणि वर्डचं पान कुठल्याही बाजूने २२ इंचांपुढे, म्हणजे ५५.८८ सेंटिमीटरपुढे जात नाही. ए-टूची लांब बाजूच ५९.४ आहे. शिवाय अर्ध्यावर पान बदललं की मांडणी हलते. वर्डमध्ये ए-फोरचं ए-थ्री केलं तर अक्षरं बारा पॉइंटचीच राहतात, ओळीत जास्त शब्द मावतात, मजकूर वर चढतो आणि चित्र वेगळ्याच परिच्छेदाशेजारी जाऊन बसतं. पॉवरपॉइंट निदान Maximize की Ensure Fit असं विचारतो, पण पहिल्यात कडेचा मजकूर पानाबाहेर जाऊ शकतो. फाइल जशीच्या तशी दुकानात दिली तर आणखी एक घोळ: आपला मराठी फाँट चेन्नईच्या दुकानात नसला की दुसराच बसतो आणि ओळी तुटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तर निरर्थक चिन्हं होऊन उमटतो, आणि मराठी न वाचणाऱ्या ऑपरेटरला त्यात वावगं दिसत नाही. त्याला दोष कसा देणार? फाँट आत बसवलेली पीडीएफ इथेही वाचवते.

एका बाबतीत मात्र लहान पान खरंच दगा देतं, आणि ते मला माझ्याच म्हणण्याविरुद्ध कबूल करावं लागेल. ए मालिकेतल्या सगळ्या पानांचं प्रमाण १ ला १.४१४ असं एकच आहे. फ्लेक्स फुटात विकला जातो. तीन बाय दोन फुटांचं प्रमाण १.५. हा सहा टक्क्यांचा फरक पीडीएफलाही मिटवता येत नाही. दुकानदार बहुतेक वेळा न विचारता चित्र ताणून बसवतो आणि गणपतीचा चेहरा उभट होतो. म्हणून पान लहान घ्यावं, पण प्रमाण आधी ठरवून: तीन बाय दोन फुटांसाठी बारा बाय आठ इंच. आणि दुकानात ‘जेपीजीच द्या’ म्हणाले, तसं म्हणतातच, तर शेवटच्या मापावर दीडशे डीपीआयने, म्हणजे ५४०० बाय ३६०० पिक्सेलचा काढावा आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.