कुलूप, किल्ली आणि फ्लेक्स

लोकांची विवरणपत्रे भरून देणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे अर्ध्या पेठेची मिळकत मला ठाऊक असते. स्वतःची तेवढी ठाऊक करून घ्यावीशी वाटत नाही.

माझे एक अशील सोलापुरात टॉवेलचा कारखाना चालवतात. त्यांना सगळेच 'मालक' म्हणतात, म्हणून मीही. त्यांचा ताळेबंद मी ईमेलने पाठवला. पीडीएफला कुलूप घातले आणि खाली ऐटीत लिहिले, 'पासवर्ड : आपला पॅन लहान अक्षरांत, पुढे जन्मतारीख.' आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकाचीही हीच रीत. सरकारची अक्कल ती आपली अक्कल, असे मानून मी निश्चिंत झालो.

"काका, हे कुलूप कुणासाठी?" पुतण्याने विचारले आणि मालकांच्या टॉवेलचे बिल पुढे ठेवले. बिलावर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरे म्हणजे चक्क पॅन! मालकांचा धंदा एकट्याचा, तेव्हा पॅन त्यांचाच.

"पण जन्मतारीख?"

"चौकात फ्लेक्स बघा की! तारीख आहे, वर 'पन्नाशीनिमित्त शुभेच्छा'ही आहेत."

"बरं, मग वेगळा पासवर्ड घालून दुसऱ्या मेलनं कळवतो."

"म्हणजे कुलूप दाराला आणि किल्ली शेजारच्या खुंटीला! ज्याला मेल उघडता आली त्याला दोन्ही सापडणार."

मी नवी मेल लिहिली. जुनीलाच उत्तर दिले असते, तर पहिले शहाणपण खाली शेपटासारखे लोंबत गेले असते.

'मालक, सप्रेम नमस्कार. आधीची फाईल काढून टाका. तिची किल्ली सहज ओळखता येते. सोबतच्या फाईलला नवे कुलूप आहे. पासवर्ड या मेलमध्ये नाही, पुढच्याही मेलमध्ये येणार नाही. तुमच्याकडे माझा जो जुना नंबर आहे त्यावर फोन करा. मेलमध्ये आलेल्या नंबरवर नको, कारण माझ्या नावाने दुसराही कुणी मेल लिहू शकतो. मी चार शब्द सांगेन. तुमच्या जीएसटी खात्याचा पासवर्ड तुम्ही मला मागे मेलने धाडला होता. ती मेल नुसती पुसून भागणार नाही, पासवर्डच बदला. नवा पासवर्ड फोनवरच सांगा. ओटीपी मात्र मेलने कुणालाच पाठवू नका.'

शब्द निवडताना 'चादर' आणि 'सिद्धेश्वर' कटाक्षाने टाळले. एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले चार शब्द घेतले.

संध्याकाळी फोन आला. मी शब्द सांगितले. मालकांनी खात्रीसाठी चारही खणखणीत आवाजात म्हणून दाखवले. मागून कुणीतरी म्हणाले, "तिसरा काय म्हणालात, मालक?"

"कुठे आहात आपण?"

"टपरीवर. चहा घेतोय. या की!"

मी फोन ठेवला आणि पाचवा शब्द शोधायला बसलो.