दोन खऱ्या, एक खोटी

आमच्या बीडकडं मुलगी बघायला गेलं की प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का. मुलाबद्दलचं त्याच्या वडिलांना विचारतात: नोकरी पर्मनंट आहे का, जमीन किती, त्यातली बागायत किती. पोहे संपेपर्यंत दोन्ही घरांना एकमेकांचं सगळं कळलेलं असतं. ज्यांना जन्म काढायचा, ते दोघंच तेवढे कोरे राहतात. साखरपुडा आणि लग्न यांच्यामधले फोनचे दिवस त्यासाठीच असावेत; पण तिथंही ‘जेवण झालं का’च्या पुढं गाडी सरकत नाही. आमची सरकली ती दोन खेळांमुळं. मी बीडमध्ये, ती अंबाजोगाईत, आणि मधे रात्रीचा फोन.

पहिला खेळ वीस प्रश्नांचा. 1947 पासून बीबीसीच्या रेडिओवर तो कितीतरी वर्षं गाजला. एकानं मनात काहीतरी धरायचं, दुसऱ्यानं फक्त हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारून ते ओळखायचं. उतावळा माणूस लगेच ‘सीताफळ का?’, ‘मोर का?’ असे नेम मारत सुटतो आणि वीस प्रश्न उधळून बसतो. खरा प्रश्न उरलेल्या शक्यता निम्म्यानं छाटतो. वीसही प्रश्न असे पडले, तर 10,48,576 गोष्टींतून एक नेमकी निवडता येते.

तिनं एकदा मनात काहीतरी धरलं. मी विचारलं, “जिवंत आहे?” नाही. “हातात मावतं?” नाही. “आपल्या जिल्ह्यात?” हो. “माणसानं बांधलंय?” हो. “देऊळ?” नाही. “किल्ला?” नाही. “पाण्याचं आहे?” ती थोडी थांबली, मग हो म्हणाली. “दुष्काळातही आटत नाही म्हणतात, तेच ना?”

“व्हय, खजाना विहीर. पण तेच का धरलं, ते विचारा की.”

नियमात ‘का’ बसत नाही. पण ओळख तिथूनच सुरू होते. लहानपणी वडिलांबरोबर ती विहीर बघायला आली होती, काठावरून वाकली म्हणून धपाटा खाल्ला होता, आणि तरी पुन्हा वाकली होती. हे बायोडेटात कुठं लिहितात?

दुसऱ्या खेळात तीन वाक्यं सांगायची: दोन खरी, एक खोटं. सुरुवात आम्ही गावांपासून केली. ती म्हणाली, “आमच्या योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं, पण मुहूर्त टळला, अशी कथा सांगतात. ती कोकणातल्या चित्पावनांची कुलदेवी आहे. आणि दासोपंतांची चाळीस फुटी पासोडी रेशमाची आहे.” मी कुलदेवीवर बोट ठेवलं, कारण कुठं कोकण, कुठं अंबाजोगाई! पण खोटं रेशमात होतं. पासोडी जाड्याभरड्या कापडाची. कौशल्य याच्यातच आहे. खरं निवडायचं ते अशक्य वाटणारं, खोटं सांगायचं ते साधं, आणि तिन्ही वाक्यं एकाच लांबीची, एकाच सुरात. नवखा माणूस खोट्याला फार सजवतो आणि तिथंच सापडतो.

मग ती स्वतःवर आली. “मला चहा आवडत नाही. मला पोहता येतं. दहावीला मी गणितात नापास झाले होते.” मी म्हटलं, “गणिताचं खोटं.”

“नाही बा, चहाचं खोटं. चहाशिवाय माझा दिवस उगवत नाही.”

नापास झाल्याचं कुठल्याच स्थळाला सांगितलं नव्हतं. पुन्हा बसून ती पास झाली आणि आता मुलांना गणितच शिकवते. सरळ विचारलं असतं तर तिनं विषय बदलला असता. खोट्याच्या आडोशानं मात्र एक अवघड खरं हसत हसत बाहेर आलं. ‘गंमत केली’ म्हणून माघार घ्यायची वाट उघडी असते, म्हणूनच माणूस धीर करतो. माझ्या पाळीला मीही असंच एक सांगून टाकलं. ते इथं सांगणार नाही.

मर्यादा पाळायला हव्यात. पगार, जमीन, आजार, आधीचं लग्न यांवर खोटं वाक्य रचायचं नाही. तिथं खेळ संपतो आणि फसवणूक सुरू होते. समोरचा ‘हे सोडून द्या’ म्हणाला तर सोडायचं. आणि आपण वीस विचारून स्वतः एकही उत्तर द्यायचं नाही, हा पोलिसी जबाब झाला.

तुमच्या घरात कुणाचा साखरपुडा झाला असेल, तर रात्री फोनवर काय एवढं हसणं चाललंय म्हणून ओरडू नका. पोह्यांच्या वेळी राहून गेलेले प्रश्न ती दोघं विचारून घेत असतील.