दर गुरुवारचे नव्व्याण्णव रुपये

वाचकहो, घरातील वृद्धांच्या औषधांकडे आपण लक्ष ठेवतो, पथ्यपाण्याची चौकशी करतो. परंतु त्यांच्या बँकेच्या पासबुकाकडे आपण क्वचितच पाहतो. मीही पाहत नव्हते. माझे वडील, अण्णा, बेंबळीला राहतात. वय शहात्तर, थोडी कोरडवाहू शेती आणि दहा वर्षांपासूनचा रक्तदाब. गेल्या ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशी झाल्यावर मी माहेरी गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब बराच वाढलेला आढळला. गोळ्यांची पाकिटे मोजली, तर निम्म्या गोळ्या शिल्लक होत्या. अण्णा एक दिवसाआड गोळी घेत होते. कारण विचारले, तर म्हणाले, “खात्यात पैसाच टिकंना बाई. बँकवाले काहीतरी कापत्यात.”

पासबुक भरून आणले. बँकेने काहीही कापलेले नव्हते. जूनपासून दर गुरुवारी, न चुकता, नव्व्याण्णव रुपये वजा होत होते. अशा सतरा नोंदी होत्या. म्हणजे १,६८३ रुपये. रक्कम तीच आणि अंतर बरोबर सात दिवसांचे, ही खूण आपण लक्षात ठेवावी. बँकेचे शुल्क असे आठवड्याच्या तालावर सहसा जात नाही. साप्ताहिक वर्गणी मात्र अशीच जाते.

उलगडा झाला तो असा. जूनमध्ये अण्णांनी मोबाइलवर रक्तदाबाच्या नोंदी ठेवणारे एक ॲप घेतले. ‘तीन दिवस मोफत’ असे मोठ्या अक्षरांत होते आणि खाली बारीक अक्षरांत ‘त्यानंतर आठवड्याला ₹९९’. मोफत वापरासाठीही ॲपने यूपीआयचा पिन मागितला आणि अण्णांनी तो दिला. त्या एका पिनने त्यांनी पुढील प्रत्येक आठवड्याच्या वसुलीला संमती दिली होती. यालाच ‘ऑटोपे’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना द्यावी लागते. त्या सूचना अण्णांच्या मोबाइलवर आल्याही होत्या, पण इंग्रजीत आणि जाहिरातींच्या ढिगात. त्या कोणी वाचल्याच नाहीत.

“शंभरालाबी एक कमीच की गं,” अण्णा म्हणाले. आठवड्याचा भाव सांगण्यामागचे मर्म नेमके हेच आहे. आपल्या घरातील दूध, वीज आणि किराणा यांचा हिशेब महिन्याचा असतो. आठवड्याची रक्कम त्या हिशेबात बसत नाही, म्हणून ती नजरेतून सुटते. अण्णांनी मनात चार आठवडे धरून महिन्याचे ३९६ रुपये काढले आणि बाराने गुणून वर्षाचे ४,७५२. पण महिना चार आठवड्यांचा नसतो. वर्षात बावन्न आठवडे असतात. चार गुणिले बारा केले, की चार आठवडे हिशेबाबाहेर राहतात. म्हणून एकच रीत धरावी : आठवड्याची रक्कम गुणिले बावन्न. नव्व्याण्णव गुणिले बावन्न म्हणजे ५,१४८ रुपये.

हा आकडा एकटा उभा असला, तर त्याचे वजन कळत नाही. मी तो अण्णांच्याच दोन आकड्यांशेजारी लिहिला. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याला २८० रुपयांच्या, म्हणजे वर्षाला ३,३६०. आणि पीएम किसान योजनेतून दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत वर्षभरात मिळणारे ६,००० रुपये. नोंदी ठेवणारे ॲप औषधाहून महाग पडत होते आणि सन्मान निधीतले जेमतेम ८५२ रुपये मागे उरणार होते. अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “आन् मी ते ॲप आषाढातच काढून टाकलं हुतं.”

वाचकहो, सर्वाधिक फसगत येथेच होते. मोबाइलवरून ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. वर्गणी मोबाइलमध्ये नसते; ज्या गूगल खात्यावरून ती घेतली, त्या खात्यावर ती नोंदलेली असते. ती वेगळी रद्द करावी लागते.

अँड्रॉइड मोबाइलवर प्ले स्टोअर उघडावे आणि वर उजवीकडील गोल चित्रावर बोट ठेवावे. तेथे ‘Payments & subscriptions’ आणि त्यात ‘Subscriptions’ असा भाग असतो. आम्ही तो उघडला, तर यादी रिकामी! क्षणभर काही सुचेना. मग ध्यानात आले, की त्या मोबाइलवर दोन खाती होती : एक अण्णांचे आणि एक माझ्या भाच्याचे. त्याच गोल चित्रावरून खाते बदलताच ॲपचे नाव समोर आले. त्यावर बोट ठेवून ‘Cancel subscription’ निवडले. ‘का सोडता?’ असा प्रश्न आणि सवलतीचे आमिष आले. त्यांना बाजूला सारून शेवटपर्यंत जावे लागते. वर्गणी खरोखर रद्द झाली, की यादीत ती कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते दिसते आणि ईमेलही येतो. ही खूण दिसेपर्यंत काम झाले असे समजू नये.

त्यानंतर यूपीआयच्या ॲपमधील ‘ऑटोपे’चा भाग उघडून तेथील संमतीही तपासावी. वर्गणी प्ले स्टोअरवरून न घेता थेट एखाद्या संकेतस्थळावर घेतली असेल, तर ती प्ले स्टोअरच्या यादीत दिसणारच नाही; तेव्हा येथूनच संमती रद्द करावी, अथवा बँकेच्या शाखेत जावे. मात्र इंटरनेटवर सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर फोन करून पिन किंवा ओटीपी सांगू नये. वर्गणी रद्द करण्यासाठी हे कोणालाही सांगावे लागत नाही.

गेलेले पैसे परत मिळण्याची आशा मर्यादित असते. प्ले स्टोअरवरील वसुलीनंतर ४८ तासांच्या आत गूगलकडे परताव्याची विनंती करता येते. त्यानंतर ॲप बनवणाऱ्यालाच लिहावे लागते. आम्ही लिहिले, उत्तर आले नाही. तरीही तक्रारीचा मार्ग आहे. केंद्र सरकारच्या २०२३च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘वर्गणीचा सापळा’ हा अनुचित प्रकार मानला आहे. मोफत वापरासाठी पैसे वळते करण्याची संमती सक्तीने घेणे आणि वर्गणी रद्द करण्याची वाट लपवणे, ही दोन्ही त्यात येतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

पुढच्या गुरुवारी अण्णांनी खाते तपासायला लावले. नोंद नव्हती. त्यापुढच्या गुरुवारीही नव्हती. आता ते गोळी रोज घेतात. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात आणि नातवाच्या जुन्या वहीत तारखेसमोर दोन आकडे लिहितात. दवाखान्यात डॉक्टरांनी ती वही पाहिली आणि एवढेच हवे होते, असे म्हणाले.

आपण आपल्या घरातील ज्येष्ठांना भेटाल, तेव्हा गोळ्यांच्या पाकिटांबरोबर त्यांचे पासबुकही मागून पाहा. सात दिवसांच्या अंतराने तीच रक्कम दिसली, तर तिला बावन्नने गुणा आणि तो आकडा त्यांना रागावून नव्हे, शेजारी बसून दाखवा.