आत्या, आधी तपासणी, मग गोळी

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर

ती. आत्यास,


परवा फोनवर तू म्हणालीस, तळपायाला मुंग्या येतात आणि चालताना चप्पल कधी निसटली ते कळत नाही. ‘शुगरमुळेच असेल,’ असं म्हणून तू विषय सोडलास. पण तुझी तीन महिन्यांची शुगर चांगली आहे आणि तरी मुंग्या वाढताहेत. म्हणून मी बी-१२ची तपासणी सुचवतोय.

नऊ वर्षं तू सकाळ-संध्याकाळ हजारची मेटफॉर्मिन घेतेस. अन्नातलं बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्याला कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिनमुळे नेमकं हेच शोषण कमी होतं. यकृतात बी-१२चा काही वर्षांचा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही. गोळीचा डोस मोठा आणि वर्षं जास्त, तसा धोका वाढतो.

तुझ्या बाबतीत आणखी दोन कारणं आहेत. तू माळकरी, मांस-मासे-अंडी वर्ज्य, म्हणजे बी-१२ फक्त दूध-दह्यातून. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने मध्यमवयीन पुरुष तपासले, तेव्हा जवळपास दोन तृतीयांशांत हे जीवनसत्त्व कमी आढळलं, शाकाहारींत तर फारच. शिवाय तू पित्ताची गोळी रोज घेतेस. तिने पोटातलं आम्ल घटतं आणि अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही.

माझ्या औषधांच्या दुकानात माझा नियम ठरलेला आहे. चार-पाच वर्षांहून जास्त मेटफॉर्मिन, त्यासोबत शाकाहार किंवा रोजची पित्ताची गोळी असेल, तर त्रास नसतानाही डॉक्टरांना तपासणीबद्दल विचारा, असं सांगतो. मुंग्या, जिभेची आग, थकवा किंवा तोल जाणं असेल, तर लगेच. निदान मात्र डॉक्टरांचं.

रक्तातलं बी-१२ दोनशेच्या खाली आलं तर कमतरता धरतात. दोनशे ते तीनशेच्या मधे असेल तर होमोसिस्टीनसारखी दुसरी तपासणी लागू शकते. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निर्धास्त होऊ नकोस. रक्त ठीक असतानाही नसा बिघडू शकतात. कुणी नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारतं, पण नसांचं नुकसान आत चालूच राहतं.

शेजारच्या वहिनींनी दिलेली ‘नसांची गोळी’ अजून सुरू केली नसशील, तर तपासणीआधी करू नकोस. तिच्यात बहुधा बी-१२ असतंच. त्याने आकडा चढतो आणि आधीची कमतरता झाकली जाते. सुरू केली असशील तर डॉक्टरांना तसं सांग. मुंग्या शुगरमुळेही असू शकतात, दोन्हींमुळेही असू शकतात; म्हणून पाय डॉक्टरांना दाखवच.

मेटफॉर्मिन मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस. कमतरता निघाली तर इंजेक्शन किंवा गोळ्यांनी भरून काढता येते आणि मेटफॉर्मिन बहुतेकदा चालूच ठेवतात. मात्र उशीर फार झाला तर नसा पूर्ण सुधारतीलच असं नाही. म्हणून ह्याच आठवड्यात रक्त दे आणि रिपोर्ट थेट डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुझा भाचा