गेलेल्या माणसावरचा राग आणि न पाठवायचं पत्र

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्याकडे आल्या. वय अठ्ठेचाळीस. छातीत धडधडतं, रात्री दोन-अडीचला जाग येते आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही, अशी तक्रार. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) ईसीजी काढला. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासली. सगळं ठीक होतं. मग मी घरची चौकशी केली. मिस्टर जाऊन सव्वा वर्ष झालं होतं.

"फार आठवण येत असेल ना?" मी विचारलं.

त्यांनी आधी केबिनचं दार लागलंय ना ते पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आठवण नाही हो डॉक्टर, राग येतो. आणि गेलेल्या माणसाचा राग येतो म्हणून माझी मलाच लाज वाटते."

नवऱ्याने घरात कुणालाही न सांगता तीन ठिकाणाहून कर्ज काढलं होतं. तेरावं व्हायच्या आत वसुलीवाले दारात आले. शोक करायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्यांना हिशोब द्यावा लागला.

मी त्यांना झोपेची गोळी दिली नाही. शंभर पानी वही आणायला सांगितली. का, ते सांगायचं तर मला माझ्या दादाची गोष्ट सांगावी लागेल.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बारा वर्षांचा मधुमेह. एका फेब्रुवारीत रात्री सव्वादहाला त्याचा फोन आला. "अगं, छातीत जळजळतंय. लग्नाचं जेवण होतं, जरा जास्तच झालं." मी दिवसभराच्या ओपीडीने थकलेले होते. ॲसिडिटीची गोळी सांगितली, डोकं उंच ठेवून झोप म्हटलं, उद्या बघू म्हटलं. पहाटे चारला वहिनीचा फोन आला. दवाखान्यात काढलेल्या ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका होता. साडेपाचला दादा गेला. (मधुमेह असलेल्या माणसाला छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जळजळ होत असेल आणि सोबत घाम, मळमळ किंवा धाप असेल, तर ईसीजी त्याच रात्री काढायचा. हे मी तेव्हाही इतरांना शिकवत होते.)

पुढे पंधरा दिवसांनी वहिनीला कागदपत्रं शोधायला मदत करत होते, तेव्हा त्याच्या खणात मला गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या सापडल्या. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या. आठ महिन्यांच्या. दर फोनला मी विचारायचे आणि तो म्हणायचा, "घेतोय गं, घेतोय." मी खण लावून टाकला आणि वहिनीलाही सांगितलं नाही.

आपल्याकडे गेलेल्या माणसाशी बोलायची सोय नाही असं नाही. दहाव्याच्या दिवशी घाटावर कावळा पिंडाला शिवेना, की कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं आणि मोठ्याने सांगतं, मुलीचं लग्न आम्ही करू, आईला बघू, काळजी करू नकोस. मीही उभी राहून तसंच काही बोलले होते. पण तिथे सगळे आश्वासन देतात. 'तू खोटं बोललास' असं तिथे कुणी म्हणत नाही, आणि 'मी चुकले' असंही नाही.

नऊ महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, माझं बीपी वाढलेलं निघालं. दादाच्या गावाकडचा रस्ता लागला की मी चिडचिड करायचे. मानसोपचार करणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीने सांगितलं, "त्याला पत्र लिही. पाठवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही." मी लिहिलं. दोन पानं. तिने दाखवू नकोस सांगूनही फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. वर्षश्राद्धाला पेपरात देता येईल. पण यात तू त्याला काय सांगितलंस?"

तिचं बरोबर होतं. मी त्याचे गुण लिहिले होते. बहुतेकांचं पहिलं पत्र असंच होतं, श्रद्धांजलीसारखं, आणि त्याने फारसं काही हलत नाही. राग नेमक्या गोष्टीचा असतो, ती गोष्ट तारीख-वार-वस्तूसकट लिहावी लागते. माझ्या दुसऱ्या पत्रातल्या काही ओळी अशा होत्या:

"दादा, खणात पट्ट्या सापडल्या. मोजल्या मी. तू मला दर रविवारी फोनवर फसवत होतास. मी बहीण म्हणून विचारत नव्हते, डॉक्टर म्हणूनही नव्हते, मला भीती वाटत होती म्हणून विचारत होते. तुला गोळ्या नको होत्या तर भांडायचं होतंस माझ्याशी. 'घेतोय गं' म्हणून तू माझं तोंड बंद केलंस. आता वहिनी मला विचारते, 'ताई, तुम्हाला तरी काही कळलं नाही का?' तिला काय सांगू?"

हे लिहिताना पेनाने कागद फाटला. दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होतं. पण तिसऱ्या दिवशी बसले, तेव्हा न ठरवता सव्वादहाचा फोन पानावर आला. त्याआधी नऊ महिने माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं, 'मी दादाला मारलं.' कागदावर आल्यावर त्याचे दोन भाग झाले. तो काय म्हणाला, ते शब्दशः लिहिलं. मी काय विचारलं, तेही लिहिलं. ईसीजीचा निकाल मला पहाटे कळला, रात्री सव्वादहाला माहीत नव्हता. आठ महिने गोळ्या बंद आहेत हेही माहीत नव्हतं. तेवढा भाग माझा नव्हता. पण 'घाम येतोय का?' हे मी विचारलं नाही, आणि ते मला माहीत होतं. ते माझंच होतं. मी लिहिलं, "विचारायला हवं होतं दादा. थकले होते म्हणून नाही विचारलं. माझं चुकलं." पत्राने मला निर्दोष ठरवलं नाही. चूक केवढी होती तेवढी मात्र झाली.

आता तुम्हाला हे करायचं असेल तर. पहिल्या काही आठवड्यांत करू नका. तेव्हा माणसं, जेवण आणि झोप यांचीच गरज असते. तीन-चार महिने जाऊ द्या. दिवसाची वेळ निवडा, झोपण्यापूर्वीची नको. दार लावा, मोबाईलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि हाताने लिहा. सुरुवात, तुम्ही त्यांना ज्या नावाने हाक मारत होता त्या नावाने करा. 'अहो' म्हणत असाल तर 'अहो'. एका बैठकीला एकच प्रसंग घ्या आणि आधी रागाचा घ्या, कारण पश्चात्तापापासून सुरुवात केली की माणूस स्वतःलाच बडवत बसतो. सुचत नसेल तर 'मला तुमचा राग येतो, कारण त्या दिवशी…' इथून लिहा. शिवी आली तर येऊ द्या, शुद्धलेखन सोडा. गजर झाला की थांबा, तोंड धुवा, चहा घ्या, कुणाशी तरी दुसरंच काही बोला. आठवड्याभरात अशा तीन-चार बैठका पुरतात.

लिहिल्यावर लगेच बरं वाटेल असं समजू नका. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनातल्या जखमेबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्यावर त्यांचं मन जास्त उदास आणि बीपी चढलेलं होतं. फायदा नंतरच्या महिन्यांत दिसला, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण हेही सांगायला हवं की नेदरलँड्समधल्या स्ट्रोबे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जोडीदार गमावलेल्यांवर असाच प्रयोग केला, तेव्हा लिहिणाऱ्यांना न लिहिणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. दुःख आपल्या गतीने उतरत असेल तर पत्राची गरजच नाही. काहीतरी अडकलंय, तेच वाक्य महिनोन्‌महिने फिरतंय, अशांसाठी मी ते सुचवते.

उलटं चाललंय हे कसं ओळखायचं? तिसऱ्या-चौथ्या पत्रातही अक्षरशः तीच वाक्यं येत असतील, नवा प्रसंग, नवा तपशील काही येत नसेल, तर ते लिहिणं राहिलेलं नाही, घोकणं झालं आहे. वही बंद करा. दुसऱ्या दिवशीही जेवण-झोप बिघडलेलीच असेल तरी थांबा. मृत्यू आत्महत्येने झाला असेल किंवा तो तुमच्या डोळ्यांसमोर अपघातात झाला असेल, तर हे एकट्याने करू नका, समुपदेशक सोबत हवा. सहा महिने, वर्ष उलटूनही रोजचं काम करता येत नसेल, तर त्यावर वेगळे उपचार आहेत, वही पुरणार नाही. आणि पत्रात 'मी पण येते तुमच्याकडे' असं वाक्य उतरलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पत्राचं पुढे काय करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. फाडा, जाळा, ठेवा. नदीत सोडू नका, तिला आपण आधीच पुष्कळ दिलं आहे. व्हॉट्सॲपवर टाकू नका, भावकीत वाद लागतो.

त्या बाईंचं पहिलं पत्र माझ्यासारखंच निघालं. "ते फार कष्टाळू होते" एवढंच लिहून थांबल्या. दुसऱ्या वेळी मी विचारलं, वसुलीवाला आला तेव्हा तुमच्या हातात काय होतं? त्या म्हणाल्या, पाहुण्यांसाठीचा चहाचा ट्रे. म्हटलं, तिथून लिहा. सात पानं झाली. तिसऱ्या बैठकीत एक जुना प्रसंग आला: नवऱ्याने एकदा रात्री "थोडं बोलायचं होतं" म्हटलं होतं आणि त्या म्हणाल्या होत्या, "उद्या बोलू, सकाळचा डबा आहे." तो उद्या आला नाही. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

त्यावर मी त्यांना उलटं पत्र लिहायला सांगितलं. तेच माणूस तुम्हाला उत्तर लिहितंय असं समजून, त्यांच्या बोलण्याच्या ढंगात, दहा ओळी. हे दुःखावर काम करणारे समुपदेशकही करून घेतात, पण शेवटी, राग लिहून झाल्यावरच. नाहीतर मेलेल्या माणसाच्या तोंडून आपण स्वतःलाच शिक्षा सुनावतो.

दोन महिन्यांनी त्या बीपी दाखवायला आल्या. धडधड अधूनमधून होते, झोप पाच तास लागते. कर्जापैकी एक फिटलं होतं. उत्तरात काय आलं ते मी विचारलं नव्हतं, निघताना त्यांनीच सांगितलं, "त्यांनी हिशोब दिला हो डॉक्टर. कुठे किती घेतलं, कशाला घेतलं. अर्धा माझ्या ऑपरेशनला गेला होता. ते मला आधीपासून माहीत होतं."

वही त्यांनी गव्हाच्या डब्यात ठेवली आहे.