भोपळ्याचं बटण



शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले की काही घरांत उत्साह असतो आणि काही घरांत पोटदुखी. आमच्याकडे गेल्या वर्षी पोटदुखी होती. माझी नात सात वर्षांची, दुसरीत आहे. घरात अखंड बडबड, पण दारात पाहुणा दिसला की माझ्या पदराआड. मागच्या गॅदरिंगला ती स्टेजवर जाऊन रडली होती आणि बाईंनी तिला उचलून खाली आणलं होतं. या वर्षी वर्गाचं भाज्यांच्या सभेचं नाटुकलं होतं. तिच्या वाट्याला आला भोपळा. बटाटा आला असता, तर आमच्या घरात पहिल्यांदाच बटाटा शिरला असता!

भोपळ्याला वाक्यं दोनच. तरी नाव जाहीर झालं त्या रात्रीपासून तिचं पोट दुखायला लागलं. सूनबाई म्हणाली, "आई, नाव काढून घेऊ का?" मी म्हटलं, "अजून तीन आठवडे आहेत. खेळून बघू, मग ठरवू."

वाक्यं तर तिला दुसऱ्याच दिवशी पाठ झाली. म्हणजे अडचण पाठांतराची नव्हती, तेव्हा तीच दोन वाक्यं शंभर वेळा म्हणवून घेण्यात अर्थ नव्हता. तिला भीती तीन गोष्टींची होती. आवाज बाहेर येणार नाही, सगळे आपल्याकडे बघतील, आणि मध्येच चुकलं तर काय. मी एकेका भीतीला एकेक खेळ लावला. आमचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळे नंतरची दहा मिनिटं मोकळी असतात. दहा म्हणजे दहाच. तिला आणखी खेळायचं असलं तरी थांबायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून येते.

पहिला खेळ आवाजाचा. मी तिच्यापासून दोन पावलांवर बसायची, ती वाक्य म्हणायची. नीट ऐकू आलं की मी हात वर करायची आणि एक पाऊल मागे सरकायची. स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून व्हरांडा, शेवटी गच्चीचं दुसरं टोक. "मोठ्याने बोल" हे शब्द मी तोंडातून काढले नाहीत. ते ऐकलं की मूल घशातून ओरडतं आणि घाईघाईत वाक्य संपवून टाकतं. समोरचं माणूस लांब दिसलं, की आवाज आपोआप तितका मोठा होतो आणि शब्दही सुटे पडतात. खांदे वर चढले, मान ताठ झाली किंवा खोकला आला, तर समजावं की घसा ताणला जातोय. मग दोन पावलं पुढे सरकायचं. बी.कॉम.ची सवय, मी वहीत दोन रकाने आखले होते: आज आवाज कुठवर पोहोचला आणि कुठे अडला. पहिल्या दिवशी पाच पावलं होती, बाराव्या दिवशी गच्चीचं टोक.

दुसरा खेळ नजरेचा. यात तिनं भोपळा व्हायचं आणि आम्ही भोपळ्याशी गप्पा मारायच्या. "काय हो भोपळेराव, आज मंडईत कुणाशेजारी बसलात?" "कारल्याशेजारी. ते सारखं तोंड वाकडं करतं." आपल्याबद्दल विचारलं की लाजाळू मूल गप्प होतं, पण भोपळ्याबद्दल विचारलं की बोलतं, कारण बघणारे भोपळ्याकडे बघतात, तिच्याकडे नाही. प्रेक्षक मात्र एकेकच वाढवायचे. आधी बाहुल्या, मग मी, मग पेपर वाचायचं सोंग करणारे आजोबा, मग पेपर बाजूला ठेवलेले आजोबा, आणि शेवटी शेजारच्या काकू आणि त्यांच्या दोन मुली. फ्रॉकचं टोक पिळणं किंवा सारखं शू लागणं सुरू झालं, की एक पायरी खाली. काकू आल्या त्या दिवशी तसंच झालं. दोन दिवस आम्ही पुन्हा आजोबांवर आलो, मग काकूंना परत बोलावलं. या दिवसांत एक गोष्ट कटाक्षाने पाळली: पाहुण्यांसमोर अचानक "म्हणून दाखव बाळा" कुणीही म्हणायचं नाही.

तिसरा खेळ गडबडीचा. ती बोलत असताना मी मुद्दाम ताट पाडायची, खोकायची, नाहीतर कारल्याचं वाक्य चुकीचं म्हणायची. तिनं थांबायचं, श्वास सोडायचा आणि आपलं वाक्य पहिल्यापासून म्हणायचं. यासाठी तिला तिच्या आधीच्या कारल्याचं वाक्यही पाठ करायला लावलं. मुलांना आपलं वाक्य येत असतं, पण ते नेमकं कशानंतर म्हणायचं ते माहीत नसतं, आणि अडतात ती तिथेच.

आता भेटीबद्दल. "छान बोललीस तर बाहुली घेईन" असं म्हटलं की नाटकाची परीक्षा होते आणि भीती दुप्पट. म्हणून मी भेट नाटकाच्या आठ दिवस आधीच, कुठलीही अट न घालता दिली. माझ्या शिवणाच्या डब्यातलं नारळाच्या करवंटीचं दोन भोकांचं बटण, तिच्या केशरी झग्याच्या बाहीला आतून शिवलेलं, अंगठा पोहोचेल अशा जागी. दोरा दुहेरी घेतला. बाहेरून काही दिसत नाही. बोलण्याआधी अंगठ्यानं दोन्ही भोकं चाचपायची, तेवढ्यात श्वास सावकाश बाहेर जातो. श्वास सोडला की खांदे उतरतात आणि आवाज सुटतो. काम करतो तो श्वास, बटण फक्त त्याची आठवण करून देतं. आठ दिवस तिन्ही खेळ ती तो झगा घालूनच खेळली. नाटकाच्या दिवशी दिलेली नवी वस्तू हातात खेळत राहते, तिचा असा उपयोग होत नाही.

मात्र याचा ताईत होऊ द्यायचा नाही. "आजी, बटण तुटलं तर?" असं तिनं विचारलंच. मग दोन संध्याकाळी साध्या फ्रॉकवर, अंगठा तर्जनीवर दाबून तेच केलं. तेही जमलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी चौथ्या रांगेत होते. कारलंच आपलं वाक्य विसरलं! सगळं स्टेज गप्प. माझी नात बाही चाचपताना मला दिसली. मग तिनं आधी कारल्याचं वाक्य म्हटलं आणि त्यामागून आपलं. आवाज बारीकच होता, पण चौथ्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द आला. दुसऱ्या वाक्याला थोडी अडखळली, पण रडली नाही, आणि रांगेतून चालत खाली उतरली.

पाहुण्यांपुढे ती अजूनही पदराआड जाते, आणि जाऊ दे. तो तिचा स्वभाव आहे. एक मात्र लक्षात ठेवा. घरात छान बोलणारं मूल शाळेत बाईंशी किंवा मैत्रिणींशी महिना-महिना एक शब्दही बोलत नसेल, तर ते निव्वळ लाजणं नसू शकतं. तिथे आजीचे खेळ पुरत नाहीत, बालमानसतज्ज्ञांना दाखवावं.

झगा धुऊन कपाटात ठेवायच्या आधी तिनं ते बटण उसवून मागितलं. सध्या ते तिच्या कंपासपेटीत आहे.