गॅदरिंगचं भाषण

दहावीच्या गॅदरिंगला गाण्याच्या पथकाचा प्रमुख म्हणून गायनाच्या सरांचे आभार मला मानायचे होते. हेडसरांनी लिहून दिलेला कागद खिशातच राहिला. मी घडलेलं तेच सांगितलं.

नववीत माझा आवाज फुटला. काळी चारमध्ये वरचा सा लावायला गेलं की चिरकायचा, पोरं हसायची. सरांनी मला पथकातून काढलं नाही. शाळा सुटल्यावर पेटीवर काळी एक धरून महिनाभर खालचे सूर घोटून घेतले. मग पथकात तेच गाणं मी एक सप्तक खाली म्हणू लागलो.

एवढं बोललो नि आवाज पुन्हा चिरकला. या खेपेला कोणी हसलं नाही. सरांनी मान खाली घालून पेटीवर काळी चार दाबली. पुढचं गाणं पाचवीच्या पोरांचं होतं.